करारावर नाव कुणाचे?

लग्नाआधी एकत्र राहण्याचा विषय निघाला, की आपल्याकडे दोन पक्ष लगेच तलवारी उपसून उभे राहतात. एक म्हणतो, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणतो, दोन सज्ञान माणसांनी कसे राहावे हे सांगणारे तुम्ही कोण? दोघांचेही आवाज टिपेला पोचलेले असतात, आणि या गदारोळात एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही. ज्या घरात ही दोघे राहायला जाणार, त्या घराच्या भाडेकरारावर नाव कुणाचे आहे?

तुम्ही म्हणाल, हा कारकुनी प्रश्न झाला. झाला तर झाला. मी कारकूनच आहे, आणि वीस वर्षे फायलींत मान घालून बसल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. माणसे भांडतात तेव्हा प्रेम, विश्वास, शब्द, सगळे हवेत विरते आणि टेबलावर उरतो तो कागद. त्या कागदावर ज्याचे नाव नसते, त्याला बोलायला जागा नसते.

पहिल्या पक्षाशी माझे भांडण थोडक्यात आटोपतो, कारण ते थोडक्यातच आटोपण्यासारखे आहे. दोन सज्ञान, अविवाहित माणसांनी एका घरात राहणे हा या देशात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खुशबू प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. कुणाला ते आवडत नसेल तर त्याने आपल्या घरात नावडते ठेवावे. पण गोव्यातल्या घरमालकांनी तरी संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत! किनारपट्टीवरच्या फ्लॅटात दोन रात्रींसाठी आलेल्या कुठल्याही जोडप्याला हसतमुखाने किल्ली देणारा माणूस, इथल्याच मुलामुलीने अकरा महिन्यांसाठी घर मागितले की लग्नाचा दाखला विचारतो. संस्कृतीचा हा दरपत्रक पाहून बदलणारा भाव मला तरी समजत नाही.

माझे खरे भांडण आहे ते दुसऱ्या पक्षाशी, म्हणजे ज्यांच्या बाजूने मी आहे त्यांच्याशी. त्यांचे एक लाडके वाक्य आहे, "आमच्यात हिशेब नाही." ऐकायला फार गोड. पण हिशेब नसतो तेव्हाही कुणीतरी पैसे देतच असतो, कुणीतरी भांडी घासतच असते. फरक एवढाच, की ते कुणी मोजत नाही. आणि जे मोजले जात नाही ते बहुधा मुलीच्या खात्यावर पडते.

माझ्या भाचीचेच उदाहरण घेतो, तिच्या परवानगीने. ती साखळीला आईवडिलांकडे राहते आणि कदंबा बसने पणजीला कामाला येते. पगार हातात येतो ३० हजार, त्यातले ५ हजार ती घरी देते. तिचा मित्र मूळचा बेळगावचा. त्याच्या हातात ६० हजार येतात, आणि तो १० हजार आईला पाठवतो. तो पर्वरीला एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहत होता. भाडे १२ हजार, वीज-गॅस-इंटरनेट धरून १५ हजारांना पडायचे. दोघांनी ठरवले की दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा. भाडे २४ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स २ हजार, वीज, गॅस, इंटरनेट मिळून ४ हजार. एकूण ३० हजार. "निम्मे निम्मे वाटून घेऊ, म्हणजे कुणाचे उपकार नकोत," असे तो म्हणाला, आणि ते तिलाही स्वाभिमानाचे वाटले. मग एका रविवारी ती करार घेऊन माझ्याकडे आली. "मामा, तू एकदा वाचून बघ ना."

मी आधी करार वाचलाच नाही. कोरा कागद घेऊन तिला आकडे मांडायला लावले. निम्मे म्हणजे प्रत्येकी १५ हजार. तो आधीही १५ हजारच देत होता. म्हणजे त्याला एका खोलीऐवजी दोन बेडरूम, मोठे स्वयंपाकघर आणि सोबत, हे सगळे एक रुपयाही जास्त न देता मिळणार होते. हिचा खर्च मात्र शून्यावरून १५ हजारांवर जाणार होता, म्हणजे पगाराच्या अर्धा. घरचे ५ हजार सुटणार नव्हते. हिच्या हातात १० हजार उरणार आणि त्याच्या हातात ३५ हजार. दोघांनी अगदी समान दिले, आणि तरी एकाचे काहीच गेले नाही!

आता दुसरी रीत बघा. दोघांनी आपापल्या घरी द्यायचे पैसे आधी बाजूला काढायचे. हिच्याकडे उरतात २५ हजार, त्याच्याकडे ५० हजार. प्रमाण एकास दोन. त्याच प्रमाणात घरखर्च वाटला तर हिचे १० हजार आणि त्याचे २० हजार. शेवटी हिच्या हातात १५, त्याच्या हातात ३०. यात उपकार कसला? दोघांच्याही खिशाला सारखीच झळ लागते, इतकेच. या रीतीची एक अट मात्र आहे. दोघांनी पगाराची चिठ्ठी, कर्जाचे हप्ते आणि घरी द्यायचे पैसे एकमेकांसमोर उघड करावे लागतात. ज्याला हे सांगायची लाज वाटते, त्याच्याबरोबर एकाच न्हाणीघरात दात घासायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्याला २० हजार परवडत नाहीत त्याने लहान घर शोधावे. जास्त कमावणाऱ्याच्या हौसेचे घर कमी कमावणाऱ्याच्या अर्ध्या पगारावर उभे राहता कामा नये.

हे झाल्यावर करार उघडला. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, नेहमीचाच. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे हा अकराचा आकडा. डिपॉझिट दोन महिन्यांचे, ४८ हजार, दोघांनी निम्मे निम्मे घालायचे. आणि करारावर नाव? फक्त त्याचे. पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या अर्जावरही फक्त त्याचे. कारण विचारले तर ती म्हणाली, घरमालकाला दोन नावे नको आहेत, लोक विचारतात म्हणे. आणि साखळीला घरी सांगितलेय की मी दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतेय, मग कागदावर नाव कशाला?

वाचकहो, माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. संस्कृतीवाल्यांच्या भीतीने मुलगी लपते. लपते म्हणून तिचे नाव कागदावर येत नाही. आणि नाव नसले की ती त्या घरात भाडे भरणारी पाहुणी होते. उद्या बिनसले, तर घर त्याचे, करार त्याचा, डिपॉझिट परत मिळणार ते त्याच्या खात्यात. तिने भरलेल्या २४ हजारांची पावती नाही. तिने आणलेल्या फ्रीजचे बिल तिच्या नावावर असेल तर नशीब. रात्री अकरा वाजता "निघ" म्हटले तर निघायचे ते तिने, कारण कुलपाची किल्ली घरमालकाने त्याला दिली आहे.

गोव्याच्या माणसाला हे नव्याने शिकवायची गरज पडावी याचेच मला नवल वाटते. भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या संमतीने, घर करून राहणारा मुंडकार आपण पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. घर सारवले त्याने, माडाला पाणी घातले त्याने, मुले वाढवली त्याच मातीत. पण संमती भाटकाराची, म्हणून भीतीही रोजची. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यावा लागला, तेव्हा कुठे त्याला घराबाहेर काढता येणार नाही असे सरकारने म्हटले. केवळ दुसऱ्याच्या मर्जीवर छप्पर असणे म्हणजे काय, हे ज्या भूमीने इतके सोसले, तिथल्या शिकल्यासवरलेल्या मुली आता प्रेमाच्या नावाखाली हौसेने मुंडकार होऊ पाहतात! आणि या मुंडकारणीसाठी कुठला मुंडकार कायदा नाही.

यावर कुणी म्हणेल, कायदा आहे की. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तो लग्न न झालेल्या स्त्रीलाही लागू होतो. होतो, पण कसा ते नीट बघा. त्या कायद्यात 'विवाहासारखे नाते' असे शब्द आहेत, आणि अशा नात्यातल्या स्त्रीला एकत्र राहिलेल्या घरातून बेकायदा हाकलता येत नाही, मग भाडेकरार कुणाच्याही नावावर असो. पण विवाहासारखे नाते म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली वेलुसामी प्रकरणात सांगितले. दोघे लग्नाच्या वयाची हवीत, लग्न करायला मोकळी हवीत, पुरेसा काळ स्वखुशीने एकत्र राहिलेली हवीत, आणि समाजात नवराबायकोसारखी वावरलेली हवीत. ही शेवटची अट पुन्हा एकदा वाचा. जी मुलगी शेजाऱ्यांपासून, आईवडिलांपासून, सोसायटीच्या वहीपासून लपून राहिली, ती समाजात कशी वावरली हे सिद्ध कशाने करणार? २०१३ च्या इंद्रा सरमा प्रकरणात न्यायालयाने अशा नात्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत एकत्र घर, एकत्र पैसा, चारचौघांतले येणेजाणे हे सगळे येते. त्याच प्रकरणात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असून राहिलेल्या स्त्रीला हे संरक्षण नाकारले गेले. तात्पर्य, कायदा आहे, पण तो लपून राहणाऱ्याला फारसा सापडत नाही. आणि "बघू जमतेय का" म्हणून सहा महिने राहून पाहणाऱ्यांना तर तो मिळेलच असे कुणी छातीठोक सांगू नये.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक धार आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळातला १८६७ चा नागरी कायदा अजून चालतो. आपल्याकडचे लग्न देवळातल्या अक्षतांनी पुरे होत नाही. निबंधकासमोर पहिली सही, मग जाहीर नोटिशीची मुदत, मग दुसरी सही, तेव्हा ते लग्न. आणि लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एक होते, त्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा. हे आपल्या मुलींच्या हाडीमासी खिळलेले आहे. "अर्धे माझेच" ही भावना घेऊन त्या वाढतात, आणि तीच भावना घेऊन एकत्र राहायला जातात. पण तो अर्धा वाटा दुसऱ्या सहीनंतरचा. तिच्याआधी, दहा वर्षे एका छपराखाली काढली तरी, त्या कायद्याने मिळणारा वाटा शून्य. इतर राज्यांत लग्नानेही बाईला नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धे मिळत नाही, म्हणून तिथे या पायरीची उंची कमी. आपल्याकडे ही पायरी उंच आहे, आणि अंधारात आहे. म्हणून "लग्न काय, नुसता कागद" असे गोव्यातल्या मुलीने म्हणण्याआधी त्या कागदाची किंमत तरी विचारावी.

मग करायचे काय? भाचीला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. करारावर दोघांची नावे, दोघांच्या सह्या, दोघांचे ओळखपत्र, पोलिसांच्या अर्जावरही दोघे. डिपॉझिट प्रत्येकाने आपापल्या बँक खात्यातून घरमालकाच्या खात्यात भरायचे, आणि ते परतही तसेच वेगवेगळे मिळेल असे वाक्य करारात घालायचे. कुठली वस्तू कुणी आणली याची एक यादी, दोघांच्या सहीची. यात एक गोम आहे, तीही सांगतो. दोन नावे असली की जबाबदारीही दोघांची. तो एके दिवशी निघून गेला, तर घरमालक पूर्ण २४ हजार हिच्याकडे मागू शकतो, तसे कलम करारात बहुधा असतेच. म्हणून दोघांनी आपसात लिहून ठेवायचे, की जो सोडून जाईल त्याने दोन महिन्यांचा आपला वाटा द्यायचा, आणि जो राहील त्याने जाणाऱ्याच्या डिपॉझिटचा वाटा आधी त्याच्या हातावर ठेवायचा. सोडून जायची भाषा आधीच कशाला, असे तिने विचारले. मी म्हटले, बाय, घरमालकाबरोबरच्या करारात नोटिशीची मुदत आहे ना? त्याच्यावर तुझा राग आहे म्हणून का ती घातली?

जागेचेही तसेच. माणसे चौरस मीटर मोजतात, दारे मोजत नाहीत. एक बेडरूम असलेल्या घरात, रागावलेल्या माणसाला आत जाऊन लावून घेता येईल असे दार एकच असते, आणि ते लावले की दुसऱ्याला झोपायला जागा उरत नाही. त्यातून एकाचे काम घरून असेल, तर दुसऱ्याने दिवसभर आवाज न करता वावरायचे. म्हणून दोन बेडरूमचे घर त्यांनी निवडले हे मला पटले. न्हाणीघर एकच आणि दोघांना नऊच्या आत निघायचे, तर सकाळी सात ते आठ कोण आत जाणार हे जाण्याआधी ठरवावे. हसू नका. घरे मोठ्या कारणांवरून मोडतात असे लोक सांगतात, पण ती रोजच्या अर्ध्या तासावरून आधी किडतात.

सवयींचे बोलायचे तर तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, तो मासे खात नाही, तर काय करू? घरात हुमण शिजणार की नाही, सुके बांगडे भाजायचे तर कुठे, त्याच्या आईचा फोन आला की काय सांगायचे. हे प्रश्न सुटण्याजोगे आहेत, म्हणून मी त्यांत फार शिरलो नाही. मी तिला उलट विचारले, हुमण असो वा वरण, शिजवणार कोण? ती गप्प. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात असे दिसले, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हा फरक लग्नाच्या मंगळसूत्रातून येत नाही, तो आपल्या सवयीतून येतो, आणि मंगळसूत्र नसले म्हणून उंबऱ्याबाहेर थांबत नाही. एकटा असताना तो काय करत होता हे बघ, मी म्हटले. कपडे धुवायला बेळगावला नेत होता की स्वतः धूत होता? डबा लावला होता की भात तरी शिजवत होता? माणूस नव्या घरात जाताना सवयी जुन्याच घेऊन जातो. बदलेन असे म्हणणाऱ्याने आधी महिनाभर बदलून दाखवावे, मग ट्रक बोलवावा.

राहता राहिली अपेक्षा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण दोघे एकच शब्द वापरतात आणि दोन वेगळ्या गोष्टी समजतात. तिच्या मनात एकत्र राहणे ही पहिल्या सहीच्या आधीची पायरी, त्याच्या मनात ती पायरी टाळण्याची सोय. हे विचारायला माझ्याकडे एक गोमंतकीय कसोटी आहे. चवथीला कोण कुठे असणार? माटोळी बांधायला तो साखळीला येणार का, आणि आला तर कोण म्हणून येणार? की दोघे दोन दिशांना बसमध्ये बसणार आणि घरी खोटे बोलणार? पहिल्या वर्षी खोटे बोलावे लागले तर समजू शकतो. पण दुसऱ्या चवथीपर्यंत घरी सांगायचे की नाही, याची तारीख ज्याला देता येत नाही, त्याच्या मनात काय आहे ते तारखेशिवायच कळते. उत्तर "मला लग्न नकोच" असे असेल तरी हरकत नाही. ते आधी ऐकलेले असले म्हणजे झाले.

त्या घरमालकाने दोन नावांना शेवटपर्यंत नकार दिला. भाचीने ते घर सोडले. दीड महिना शोधल्यावर पर्वरीतच, आतल्या बाजूला, लहानसे पण दोन बेडरूमचे घर २१ हजारांना मिळाले, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीने दोघांची नावे घालायला खळखळ केली नाही. "भाडें वेळार दियात, म्हजें आनी कितें वता?" एवढेच ती म्हणाली. साखळीला सांगायचे काम तिने स्वतः केले, आणि ते सुखाचे झाले नाही. माझ्या बहिणीने महिनाभर माझ्याशीही अबोला धरला. तो मला मंजूर आहे. खोट्यावर उभ्या राहिलेल्या शांततेपेक्षा खऱ्यावरचा अबोला बरा.

म्हणून संस्कृतीच्या रक्षकांना माझे एवढेच सांगणे. तुमच्या धाकाने मुली एकत्र राहायच्या थांबत नाहीत, त्या फक्त कागदावरून पुसल्या जातात. आणि जो फसवणारा असतो त्याला हेच हवे असते. तुम्हाला आपल्या लेकीची खरोखर काळजी असेल, तर ती कुठे राहते हे ओरडून विचारू नका. शांतपणे बसवा आणि विचारा, करार दाखव बघू, तुझी सही कुठे आहे? आणि मुलींनो, समोरचा म्हणाला की प्रेमात कागद कशाला, तर त्याला हसून सांगा. बरोबर आहे, प्रेमाला कागद लागत नाही. घराला लागतो.